आडतीतला कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट का होत होता? विंडोजच्या नोंदींवरून लागलेला शोध

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बाजार आवारातली ही आडत. समोर ओटा, बाजूला काटा आणि आत पत्र्याची एक छोटी खोली, तेच ऑफिस. खोलीत विंडोज ११ चा एक डेस्कटॉप, त्यावर हिशोबाचं पॅकेज, शेजारी लेझर प्रिंटर आणि टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. मालकांच्या मुलाचा लॅपटॉपही दिवसभर याच खोलीत असतो, भिंतीच्या सॉकेटवर चार्जिंगला लावलेला. पुढे त्याचा मोठा उपयोग झाला.

इथलं कॉम्प्युटरचं खरं काम दुपारी सुरू होतं. सौदे संपले, वजनं झाली की प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी द्यायची: किती कट्टे, किती वजन, काय भाव, हमाली-तोलाई वजा जाता किती रक्कम. सोयाबीनची आवक जोरात असताना खिडकीशी माणसं उभी असतात आणि पट्टी हातात पडल्याशिवाय कुणी हलत नाही.

अडचण

दिवाळीनंतर हा कॉम्प्युटर चालता चालता एकदम काळा पडायचा आणि मिनिटभरात आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही. भरत असलेली पट्टी जायची. दोनदा तर हिशोबाचा डेटा दुरुस्त करून घ्यावा लागला.

मुनीमजींचं म्हणणं, "सकाळी एकदम बरोबर चालतंय. दुपारी गर्दी झाली की बंद पडायलंय. कधी एकदा, कधी तीनदा." मालकांना वाटत होतं की लाईटीचा दोष आहे, कारण रब्बीचे पंप सुरू झाले की या भागात व्होल्टेज पडतंच. मुलाचा संशय विंडोजच्या अपडेटवर होता. आधी आलेल्या कारागिराने व्हायरस म्हणून विंडोज फॉरमॅट करून दिलं होतं. तरीही रीस्टार्ट थांबले नाहीत, तेव्हा त्याने एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा भाग, बदलायचा, नाहीतर नवं मशीन घ्यायचं असं सांगितलं. मला बोलावलं ते या टप्प्यावर.

फॉरमॅटमुळे एक नुकसान झालं होतं. त्याआधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे रीस्टार्ट नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे लॉगमधून कळायची सोय उरली नव्हती. पण एक गोष्ट त्यातून कळलीही. कोरं विंडोज टाकूनही तोच त्रास तसाच राहिला, म्हणजे कारण सॉफ्टवेअरच्या बाहेर असण्याची शक्यता वाढली होती.

समोरचे पर्याय

एसएमपीएस बदलणं हा वेडगळ सल्ला नव्हता. खराब एसएमपीएसही अगदी असाच वागतो. नवा यूपीएस घेणं हाही समजण्यासारखा पर्याय होता. अडचण अशी की त्रास रोज सारखा होत नव्हता. अशा दोषात एक भाग बदलायचा, चार दिवस वाट पाहायची, पुन्हा बंद पडलं की दुसरा बदलायचा, यात हंगाम निघून जातो. मधले दोन दिवस योगायोगाने बरे गेले तर चुकीच्या भागावर शिक्का बसतो आणि खरा दोष तसाच राहतो.

म्हणून लॉगमधल्या नोंदींची वर्गवारी होईपर्यंत एकही भाग बदलायचा नाही, असं मालकांशी बोलून ठरवलं. फक्त एक सेटिंग बदललं. `sysdm.cpl` मधून Startup and Recovery मध्ये जाऊन Automatically restart ची खूण काढली. विंडोज स्वतः कोसळत असेल तर आता निळा स्क्रीन तसाच थांबून राहील आणि मुनीमजींना तो दिसेल.

नोंदींची वर्गवारी

इव्हेंट व्ह्यूअर उघडला की System लॉगमध्ये हजारो ओळी दिसतात आणि लाल खुणा पाहून माणूस घाबरतो. रीस्टार्टच्या प्रश्नाला त्यातल्या चारच क्रमांकांनी सुरुवात करावी. पॉवरशेलमध्ये ते असे एकत्र मिळतात:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{
  LogName='System'; Id=41,1001,1074,6008
  StartTime=(Get-Date).AddDays(-30)
} | Sort-Object TimeCreated |
Format-Table TimeCreated, Id, ProviderName
```

1074 म्हणजे कुणीतरी रीतसर सांगून केलेला रीस्टार्ट. कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणाच्या नावाने सांगितलं, ते त्याच नोंदीत असतं. 1001, स्रोत BugCheck, म्हणजे विंडोज कोसळलं आणि कोसळण्याचा कोड मिळाला. 6008 सांगते की आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. आणि 41, स्रोत Kernel-Power, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.

या 41 बद्दल बराच गैरसमज आहे. नावात पॉवर आहे म्हणून लोक लगेच एसएमपीएसकडे बोट दाखवतात. पण ही नोंद मशीन पडताना होतच नाही. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजला दिसतं की मागच्या खेपेला आपण नीट बंद झालो नव्हतो, तेव्हा ती लिहिली जाते. त्यामुळे तिच्यावरची वेळ उठण्याची असते. पडण्याची वेळ 6008 च्या मजकुरात मिळते, तीही ठोकळमानाने, कारण विंडोज आपण जिवंत असल्याची वेळ अधूनमधून टिपून ठेवतं आणि त्यातली शेवटची तिथे दाखवतं.

फॉरमॅटनंतरच्या २२ दिवसांत 1074 तीनदा होती. तिन्हींमागे `MoUsoCoreWorker.exe`, म्हणजे विंडोज अपडेट, आणि तिन्ही संध्याकाळी उशिरा. मुलाचा संशय एवढ्यापुरता खरा होता, पण दुपारच्या त्रासाशी त्याचा संबंध नव्हता. 1001 एकही नव्हती. 41 मात्र चौदा होत्या.

प्रत्येक 41 उघडून Details मध्ये आतले रकाने पाहिले. तेरा नोंदींत `BugcheckCode` शून्य आणि `PowerButtonTimestamp` ही शून्य. एकीत मात्र `PowerButtonTimestamp` मध्ये मोठा आकडा होता, म्हणजे कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. मुनीमजींना विचारलं तर त्यांना आठवलं, पॅकेज अडकलं म्हणून त्यांनीच बंद केलं होतं. ती नोंद बाजूला काढली. नाहीतर तिची वेळ उगाच बाकीच्यांत मिसळली असती.

उरल्या तेरा. शून्य कोडचा नेहमीचा अर्थ असा की विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: वीज तुटली, किंवा मशीन पूर्ण गोठलं. पण तेवढ्यावर थांबू नये. कोसळताना मेमरीची नोंद, म्हणजे डंप, फाईलमध्ये लिहिण्याची सोय बंद असेल किंवा डिस्कच गडबडली असेल तर खरोखर कोसळूनही कोड शून्यच दिसू शकतो. इथे डंपचं सेटिंग चालू होतं आणि `C:\Windows\Minidump` मध्ये काही नव्हतं. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या WHEA-Logger च्या नोंदीही नव्हत्या. शिवाय Automatically restart ची खूण काढल्यावरही पुढच्या वेळी मशीन निळ्या स्क्रीनवर न थांबता तसंच उठलं. विंडोज कोसळत नाही हे आता पक्कं धरायला हरकत नव्हती.

एका घटनेच्या वेळा मुद्दाम देतो. 6008 च्या मजकुरात पडण्याची वेळ 2:47:31, 41 ची वेळ 2:48:19. म्हणजे पडल्या पडल्या मशीन उठलं. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आधीच्याच स्थितीत जायचं असं सेटिंग होतं. वीज क्षणभर तुटून लगेच आली तर नेमकं हेच होतं.

लाईट की आणखी काही?

वीज तुटते आहे हे कळलं, पण कुठे? बाहेर लाईनवर, यूपीएसमध्ये, की एसएमपीएसमध्ये? डेस्कटॉपचा लॉग यापुढे काही सांगू शकत नाही, कारण पडणारं मशीन आपल्या पडण्याचं कारण लिहून ठेवत नाही. दुसरा साक्षीदार हवा होता, आणि तो त्याच खोलीत होता.

लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे लाईट गेली तरी तो चालू राहतो आणि Kernel-Power ची 105 क्रमांकाची नोंद करतो: वीजपुरवठा बदलला. आतल्या `AcOnline` वरून लाईट गेली की आली ते समजतं. तेरा घटनांच्या वेळा आणि लॅपटॉपच्या 105 च्या वेळा शेजारी मांडल्या. चार घटना तंतोतंत जुळल्या. लाईट गेली आणि त्याच क्षणी डेस्कटॉपही गेला. यूपीएस असताना असं व्हायला नको, म्हणजे त्याची बॅटरी गेलेली असणार.

नऊ घटनांत मात्र लॅपटॉपला लाईट गेल्याचं कळलंच नव्हतं.

इथे घाई करून "लाईन ठीक आहे" म्हणणं चुकीचं ठरलं असतं. लॅपटॉपचा अॅडॉप्टर अगदी छोटा झटका स्वतःच पचवतो आणि 105 लिहिली जात नाही. एसएमपीएसही वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे नाही. म्हणून 105 नसण्याचा अर्थ एवढाच की मोठा खंड नव्हता.

नऊच्या नऊ घटना दुपारी एक ते पाचच्या दरम्यानच्या होत्या. पंप तर सकाळीही चालतात. दुपारचं असं वेगळं काय? खिडकीपाशी थोडा वेळ बसून पाहिलं तर उत्तर समोरच होतं: प्रिंटर. त्याची वायर धरत मागे गेलो, तर प्लग यूपीएसमध्ये. दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवलं होतं, तेव्हा कुणीतरी तो भिंतीतून काढून तिथे लावला होता. हेतू चांगलाच होता, लाईट गेली तरी पट्टी निघावी.

संशयाची तपासणी

प्लग तिथल्या तिथे काढता आला असता. पण मग त्रास थांबला की योगायोगाने दिवस बरा गेला, हे सांगता आलं नसतं, आणि एसएमपीएसचा प्रश्न मालकांच्या डोक्यात तसाच राहिला असता. म्हणून प्रिंटचा लॉग आधी चालू केला. तो विंडोजमध्ये मुळात बंद असतो, आणि चालू करायची आज्ञा अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये द्यावी लागते:

```
wevtutil sl Microsoft-Windows-PrintService/Operational /e:true
```

यानंतर प्रत्येक छापलेल्या पट्टीची 307 क्रमांकाची नोंद होऊ लागली. मालकांना अजून काही दिवस त्रास सोसावा लागणार होता. ते स्पष्ट सांगितलं आणि प्रत्येक पट्टी छापण्याआधी सेव्ह करायची असं मुनीमजींशी ठरवून घेतलं.

पुढे मशीन चार वेळा पडलं. तीनदा पडण्याच्या त्याच मिनिटात 307 होती. चौथ्या वेळी नव्हती, पण मुनीमजींनी छापायला दिलं होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं. वीज एकदम तुटली की शेवटच्या क्षणांच्या नोंदी डिस्कवर पोचायच्या राहून जातात, त्यामुळे यात नवल नाही.

तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही. दुपारी दर दोन-चार मिनिटांनी पट्टी छापली जात असेल तर मशीन कधीही पडो, आजूबाजूला एखादी 307 सापडणारच. म्हणून तिन्ही घटनांत त्याआधीची 307 केव्हाची होती ते पाहिलं. तिन्ही वेळा मध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त खंड होता. उलट, लागोपाठ छापलेल्या पट्ट्यांच्या रांगेत मशीन एकदाही पडलं नव्हतं. प्रिंटर थंड झाल्यावर निघणारी पहिली पट्टीच घात करत होती.

लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर पक्की बसवणारा एक तापणारा भाग असतो, फ्यूजर. तो थंड असताना पहिला कागद आला की एकदम मोठा करंट ओढतो. गरम असताना तापमान टिकवायला त्याला फार लागत नाही. या प्रिंटरच्या मागच्या लेबलवर ३.५ अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ८०० वॅट. यूपीएस ६०० व्हीएचा असला तरी त्याची खरी ताकद ३६० वॅट आणि त्यातले शंभरेक वॅट कॉम्प्युटर-मॉनिटरच घेत होते. दुपारी आधीच उतरलेलं व्होल्टेज या झटक्याने आणखी खाली जायचं, यूपीएस लाईट गेली असं समजून बॅटरीवर जायचा, आणि दमलेली बॅटरी एवढा भार पाहून बसायची. क्षणात व्होल्टेज सावरलं की हा यूपीएस पुन्हा लाईनवर यायचा आणि कॉम्प्युटर उठायचा. काही यूपीएस अशा वेळी बंदच राहतात आणि बटण दाबावं लागतं. तसं असतं तर दोष पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

बाजार बंद असलेल्या दिवशी हे समोरासमोर करून पाहिलं. प्रिंटर अर्धा तास तसाच ठेवला आणि एक पट्टी सोडली. यूपीएसमधून रिलेचा टक् असा आवाज आला आणि कॉम्प्युटर काळा. उठल्यावर लगेच दुसरी पट्टी सोडली, काही झालं नाही. मग प्रिंटरचा प्लग भिंतीच्या वेगळ्या सॉकेटमध्ये लावून पुन्हा अर्धा तास थांबलो आणि छापलं, तेव्हा कॉम्प्युटर चालूच राहिला. शेवटी सगळ्या फाईली बंद करून यूपीएसचा मुख्य प्लग काढला. फक्त कॉम्प्युटरच्या भारावरही तो काही सेकंदांतच बसला. बॅटरीचा दोषही असा वेगळा सिद्ध झाला.

काय केलं

प्रिंटर कायमचा भिंतीच्या सॉकेटवर नेला आणि यूपीएसच्या तिसऱ्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून टाकली. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदलली, यूपीएस तोच ठेवला. टेबलाखालून काढून तो थोडी हवा लागेल अशा जागी ठेवला. या बॅटऱ्यांचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, आणि इथली पत्र्याची खोली एप्रिल-मेमध्ये कशी तापते ते सांगायला नको. अपडेटसाठी अॅक्टिव्ह अवर्स सकाळी नऊ ते रात्री नऊ केले. एसएमपीएसला हात लावला नाही.

मालकांची एक अडचण उरली: लाईट गेल्यावर पट्टी कशी काढायची? प्रिंटर पेलणारा इन्व्हर्टर घ्यायचा, की तेवढ्या वेळापुरती हाताने पट्टी लिहायची? त्यांनी हाताने लिहायचं ठरवलं, पट्टीबुकं कपाटात होतीच. लाईट वारंवार आणि तास तास जात असेल तिथे हा निर्णय वेगळा घ्यावा लागेल.

परिणाम

हंगाम संपेपर्यंत तीच पॉवरशेलची आज्ञा मुलगा अधूनमधून चालवून पाहत होता. दुपारच्या 41 पूर्ण थांबल्या. एक 41 नंतर आली, रात्रीची. कॉम्प्युटर बंद करायचा राहिला होता आणि लाईट बराच वेळ गेली होती. लॅपटॉप घरी होता म्हणून 105 चा पुरावा नव्हता. पण 6008 ची वेळ रात्रीची आणि 41 ची पहाटेची, एवढ्या अंतरावरूनच ती वेगळ्या जातीची आहे हे ओळखता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महाग पडलं ते फॉरमॅट. आधीच्या नोंदी असत्या तर दिवाळीच्या साफसफाईआधी शून्य कोडची एकही 41 नाही आणि नंतर रांग लागली, हे पहिल्याच तासात दिसलं असतं. "त्या दिवशी काय हललं?" हा प्रश्न तिथेच विचारला गेला असता. फॉरमॅट करायचंच असेल तर आधी लॉग पेनड्राइव्हवर काढून ठेवायला एक ओळ पुरते, फक्त ड्राइव्हचं अक्षर आपलं घालायचं:

```
wevtutil epl System E:\system-log.evtx
```

ही फाईल दुसऱ्या कुठल्याही विंडोज मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये उघडते.

दुसरी गोष्ट, नोंदी चाळण्याआधी तारा पाहून घेतल्या असत्या तर संशय आणखी लवकर आला असता. पण तारा पाहून प्लग बदलून टाकला असता तर बॅटरी खराब आहे हे कदाचित उन्हाळ्यापर्यंत कळलं नसतं, कारण दुपारचा त्रास थांबला असता आणि लाईट जातानाचे चार प्रसंग "लाईटच गेली होती" म्हणून सोडून दिले गेले असते. चार आणि नऊ असे दोन ढीग वेगळे झाले ते लॅपटॉपच्या 105 मुळे. ज्या ऑफिसात लॅपटॉप नाही तिथे एखादा दोन-चार दिवस मागून आणून भिंतीवर चार्जिंगला लावून ठेवावा. त्याचं झाकण उघडं राहील आणि तो झोपणार नाही एवढी काळजी घ्यावी, कारण झोपेत असताना लाईट गेली तर ती नोंद मिळेलच याची खात्री नसते.